सर उभे कुठे राहायचे? निवृत्त होणाऱ्या क्रीडाशिक्षकांसाठी माजी विद्यार्थ्यांचं भाषण कसं लिहावं

निरोप समारंभाची तारीख ठरली की कुणाचा तरी फोन येतो. "तू जरा बरं बोलतोस, माजी विद्यार्थ्यांतर्फे चार शब्द बोल." रात्री आपण कागद घेऊन बसतो आणि पहिलं वाक्य उतरतं : "सर म्हणजे शिस्त, सर म्हणजे प्रेरणा, सर म्हणजे आमचे दुसरे वडील."

या वाक्याची एक परीक्षा घ्या. 'क्रीडाशिक्षक' काढून मनात 'गणिताचे शिक्षक' बसवा. वाक्य तसंच चालत असेल तर ते खोडा. मी माझ्या पहिल्या मसुद्याची अशी परीक्षा घेतली तेव्हा दीड पानातून चार ओळी उरल्या. त्या चार ओळींपासून सात मिनिटांचं भाषण कसं झालं, ते इथे सविस्तर सांगतो. आमचे सर रिले शिकवायचे, त्यामुळे उदाहरणं रिलेची आहेत. तुमचे सर किंवा मॅडम कबड्डी, व्हॉलीबॉल किंवा लांब उडी शिकवत असतील तर शब्द बदलतील, पद्धत तीच राहील.

बोलणार कोण आणि किती वेळ

बहुतेक ठिकाणी सगळ्यात मोठं पदक मिळवलेल्या खेळाडूला बोलायला उभं करतात. माझ्या मते ती चूक आहे. त्याची तयारी कमी पडते असं नाही. पण त्याच्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट असते आणि ती त्याची स्वतःची असते. तिसऱ्या मिनिटाला भाषण त्याच्या अंतिम सामन्यात शिरतं आणि सर प्रेक्षकांत बसलेले राहतात. त्यापेक्षा संघातला राखीव खेळाडू, गुण मांडणारा किंवा सामान सांभाळणारा मुलगा निवडा. तो खेळत नव्हता म्हणून त्याने सरांना जास्त पाहिलेलं असतं. आमच्याकडे ही जबाबदारी माझ्यावर आली ती याच कारणाने. रिले संघात मी पाचवा होतो.

तीन तुकड्यांचे तीन वक्ते हा मोह टाळा. तिघंही दोन-दोन मिनिटं बोलायचं ठरवतात, प्रत्यक्षात प्रत्येक जण सहा मिनिटं घेतो आणि तिघांचं पहिलं मिनिट सारखंच असतं. एकच जण बोलेल, पण सगळ्यांच्या आठवणी घेऊन बोलेल, असं ठरवा.

वेळ सात मिनिटं धरा. मंचावरून सावकाश, थांबत थांबत मराठी बोलताना मी मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द बोलतो, म्हणजे साडेसातशे शब्दांच्या आत लिहावं लागतं. तुमचा वेग वेगळा असेल, तेव्हा एकदा मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं, त्यावर विसंबू नका.

आठवणी मागायच्या कशा

सगळ्यात जास्त वेळ या कामाला द्या. तीन आठवडे हातात असतील तर दोन यातच घालवा.

मी सुरुवातीला ग्रुपवर संदेश टाकला : "सरांबद्दल तुमच्या भावना कळवा." दोन दिवसांत अठरा उत्तरं आली आणि अठराही निरुपयोगी होती. शिस्तप्रिय, प्रेमळ, वरून कडक आतून मऊ. भावना विचारली की विशेषणं येतात, आणि अठरा जणांची विशेषणं एकत्र केली तरी त्यातून माणूस दिसत नाही.

मग मी प्रश्न बदलला. लिहून मागणं बंद केलं आणि एकेकाला फोन लावला. मैदानावरच्या माणसाची आठवण शब्दांत कमी आणि जागेत, आवाजात, हातांत जास्त असते. म्हणून प्रश्नही तसेच विचारायचे. शर्यत किंवा सामना चालू असताना सर नेमके कुठे उभे असायचे? त्यांच्या हातात किंवा खिशात काय असायचं? शिट्टी वाजवण्याआधी ते काय करायचे? हरल्यावर त्यांचं पहिलं वाक्य काय असायचं? जिंकल्यावर काय? असं कोणतं वाक्य आहे जे तुम्ही आजही त्यांच्या आवाजात म्हणून दाखवू शकता?

शेवटचा प्रश्न विचारला की फोनवर हमखास नक्कल सुरू होते. ती जशीच्या तशी टिपून घ्या, अडखळण्यासकट. "अरे, तुझे पाय कुठे आहेत ते कोण बघतंय? बॅटन कुठे आहे ते बघतात!" हे मला एकाने असंच ऐकवलं. यात सरांचा सूर आहेच, शिवाय नियमही अचूक आहे. बॅटन म्हणजे रिलेत एका धावपटूने पुढच्याला द्यायची छोटी दांडी. ती मैदानावर आखलेल्या ठरावीक पट्ट्यातच हातातून हातात गेली पाहिजे, आणि ती पट्ट्यात होती की नाही हे बॅटनच्या जागेवरून ठरतं, धावणाऱ्याच्या शरीरावरून नाही. ओरडण्यातही सर शिकवत होते, हे सांगायला मला विशेषण लागलं नाही.

कुणाला फोन करायचा, हेही ठरवून घ्या. सरांच्या नोकरीचे तीन भाग पाडा : पहिली काही वर्षं, मधला काळ आणि अगदी अलीकडची मुलं. प्रत्येक भागातून चार-पाच जण पुरेत. त्यात किमान एक जण असा घ्या जो कधीच कुठल्या संघात नव्हता, ज्याला पीटीच्या तासाची भीती वाटायची. त्याची आठवण बहुतेक वेळा सगळ्यात उपयोगी निघते. पदकवाल्यांना सरांचा चांगला मूड मिळालेला असतो. ज्याला उडी जमतच नव्हती त्याच्याशी सर कसे वागले, ते तोच सांगू शकतो. मी चौदा जणांशी बोललो. प्रत्येक फोन वीसेक मिनिटांचा झाला. एक मात्र दीड तास चालला, पण त्यातला बराच वेळ आम्ही दोघं आपल्याच गुडघ्यांबद्दल बोलत होतो.

एकच धागा

चौदा फोन झाले की वही भरते आणि सगळंच सांगावंसं वाटतं. इथे थांबायचं आणि वहीत एकच गोष्ट शोधायची : एकमेकांना न ओळखणाऱ्या, वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी न विचारता कोणती एक सवय सांगितली आहे?

आमच्या वहीत ती सापडली. शर्यत सुटली की सगळे शेवटच्या रेषेकडे जातात. आमचे सर उलट दिशेला जायचे. चार बाय शंभरच्या रिलेत तीन वेळा बॅटन बदलते. तिसरा बदल वळण संपतं तिथे होतो. सर तिथे, दोरीच्या बाहेर उभे राहायचे. चौदापैकी अकरा जणांनी ही जागा सांगितली, प्रत्येकाने आपापल्या शब्दांत.

हा धागा चांगला का आहे, तेही बघा. तो दिसतो, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर माणूस उभा राहतो. तो तीस वर्षं टिकलेला आहे, त्यामुळे 'दीर्घ सेवा' असं वेगळं म्हणावं लागत नाही. आणि त्यामागे खेळाचं कारण आहे. शेवटच्या रेषेवर फक्त निकाल कळतो. शर्यत बिघडते ती बॅटन बदलताना. पुढचा धावपटू मागे न बघता धावायला लागतो. त्याने आधी पावलं मोजून जमिनीवर एक खूण केलेली असते आणि मागून येणारा त्या खुणेवर आला की हा सुटतो. तो एक पाऊल लवकर सुटला तर मागच्याचा हात पोहोचत नाही आणि उशिरा सुटला तर दोघं एकमेकांवर आदळतात. पुढच्या सरावात ती खूण कुठे सरकवायची, हे वळणावर उभं राहणाऱ्यालाच कळतं.

तुमच्या सरांची जागा वेगळी असेल. कबड्डीत राखीव खेळाडूंच्या बाकामागे, उंच उडीत गादीच्या बाजूला, नाहीतर खो-खोत खांबाच्या रेषेत. तिथे ते का उभे राहतात याचं खेळातलं कारण शोधा. सापडलं नाही तर सरळ एखाद्या जुन्या खेळाडूला विचारा. हे कारण भाषणाचा कणा होतं.

ज्या आठवणी या धाग्यात बसत नाहीत त्या गाळा, कितीही गमतीच्या असल्या तरी. त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

तपासणी, आणि वीस की तीस

आठवणी खऱ्या मनाने सांगितलेल्या असतात, पण त्या चुकतात. निकाल, वर्ष, कोण कितव्या क्रमांकावर धावलं, हे सगळं दोन माणसांकडून ताडून घ्या. प्रमाणपत्र, जुना फोटो किंवा शाळेतला विजेत्यांचा फलक असेल तर उत्तम. सभागृहात ते धावपटू स्वतः बसलेले असतात आणि चुकलेलं वर्ष ऐकताच त्यांची आपसात कुजबुज सुरू होते. मग पुढची दोन मिनिटं कुणी ऐकत नाही.

पण तपासताना एक सापळा असतो. आमच्या पहिल्या तुकडीतला एक जण ठामपणे म्हणाला की बॅटन बदलायचा पट्टा, ज्याला सगळे एक्सचेंज झोन म्हणतात, वीस मीटरचा असतो. अलीकडच्या तुकडीतली मुलगी तितक्याच ठामपणे तीस म्हणाली. मी ज्येष्ठाचं बरोबर धरून मुलीचं वाक्य खोडणार होतो. मग नियम बघितला. दोघंही बरोबर होते. आधी पट्टा वीस मीटरचा होता. पुढचा धावपटू त्याच्या दहा मीटर अलीकडून धावायला सुरुवात करू शकायचा, पण बॅटन त्या विसातच बदलावी लागायची. २०१७ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि सगळा मिळून तीस मीटरचा एकच पट्टा झाला. शाळेच्या मैदानावर हा बदल थोडा मागाहून येतो, पण येतो.

त्या क्षणी मला भाषणाचा मधला भाग मिळाला. तीन दशकं शिकवणारा क्रीडाशिक्षक एकच खेळ तीन वेळा नव्याने शिकतो, आणि हे विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही, कारण प्रत्येक तुकडीला एकच नियम माहीत असतो. तुमच्या खेळात असा बदल नक्की सापडेल. टेबल टेनिसचा गेम २००१ मध्ये २१ गुणांवरून ११ वर आला. बॅडमिंटनमध्ये सर्व्हिस हातात असेल तरच गुण, ही पद्धत २००६ मध्ये गेली आणि २१ गुणांचा गेम आला. धावण्याच्या शर्यतीत २०१० पासून पहिल्याच चुकीच्या सुरुवातीला बाद करतात, त्याआधी एकदा माफी होती. त्या बदलाच्या वर्षी जी मुलं संघात होती त्यांना शोधा आणि विचारा : सरांनी तेव्हा काय केलं? आमच्या मुलींनी सांगितलं, पंधरा दिवस सर त्यांच्या आधी मैदानावर येत होते आणि एकटेच पावलं मोजत होते.

'एकतीस वर्षांची अखंड सेवा' या शब्दांनी जे होत नाही ते या एका चित्राने होतं.

मसुदा

आता प्रत्यक्ष भाषण. पूर्ण देत नाही. मधले दोन प्रसंग सोडून त्याचा कणा देतो.

"सगळ्यांना नमस्कार. मी सरांच्या रिले संघातला पाचवा. रिलेत चौघंच धावतात.

तीन वर्षं मी कडेला बसलो आणि एकदाही धावलो नाही. त्यामुळे आमच्या चौघांना जे कधी दिसलं नाही ते मला दिसलं : शर्यत चालू असताना सर कुठे असतात. शर्यत सुटली की सगळे शेवटच्या रेषेकडे पळाले. सर उलट दिशेला चालत गेले. वळण संपतं तिथे, तिसरा धावपटू चौथ्याला बॅटन देतो त्या जागी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो आणि म्हणालो, सर, इथून निकाल दिसत नाही. सर म्हणाले, 'निकाल माईकवर सांगतात.'

मला वाटलं, ही गोष्ट फक्त मलाच माहीत आहे. या भाषणासाठी मी चौदा जणांना फोन केले. सरांच्या पहिल्या वर्षी शिकलेल्यांना केले आणि गेल्या वर्षी शाळा सोडलेल्यांनाही केले. सर कुठे उभे राहतात, असं विचारलं. अकरा जणांनी तीच जागा सांगितली.

दोघांचं मात्र भांडण झालं. एक म्हणाला, एक्सचेंज झोन वीस मीटरचा. एक म्हणाली, तीस. दोघंही बरोबर आहेत. मध्ये नियम बदलला. तेव्हा सरांच्या नोकरीला बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षं पाठ असलेली फक्कीची रेघ त्यांनी पुसली आणि नवी मारली. त्या वर्षीच्या मुली सांगतात, पंधरा दिवस त्या मैदानावर पोहोचायच्या आधी सर तिथे होते आणि पावलं मोजत होते. कुणाला काही बोलले नाहीत.

त्याच संघाची बॅटन एकदा पडली. तिसऱ्या बदलाला, सरांच्या समोर. बाकीचे संघ निघून गेले. जिच्या हातून पडली ती मुलगी मागे वळली, बॅटन उचलली, पुढच्या मुलीच्या हातात दिली. संघ शेवटचा आला. ती रडत वळणावर आली.

सर, तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात ते तिने मला सांगितलं, आणि इथे सांगायला परवानगी दिली. तुम्ही म्हणालात, 'उचललीस ना? मग आपण बाद नाही. आपण शेवटचे आहोत.'

ती आज इथे आहे, तिसऱ्या रांगेत.

सर, आज आम्ही तुम्हाला मंचाच्या मधोमध बसवलंय. इथून तुम्हाला मैदानाचं वळण दिसत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून जास्त वेळ घेत नाही. धन्यवाद, सर."

या मसुद्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. पहिली, 'बाद नाही, शेवटचे' हे वाक्य नुसता धीर देणारं नाही, ते नियमाला धरून आहे. बॅटन पडली म्हणून संघ बाद होत नाही. ज्याच्या हातून पडली त्याने ती कुणाला अडथळा न करता उचलून पट्ट्याच्या आतच पुढे दिली तर निकाल धरला जातो. मी हे तपासलं नसतं तर सभागृहातला एखादा पंच समारंभ संपल्यावर मला कोपऱ्यात घेऊन गेला असता. दुसरी गोष्ट परवानगीची. अपयशाचा प्रसंग ज्याचा आहे त्याला आधी वाचून दाखवल्याशिवाय बोलू नका. तिने माझं एक वाक्य बदलायला लावलं. मी 'हमसून हमसून' लिहिलं होतं. ती म्हणाली, "एवढी नव्हते रडले." मी ते काढलं, आणि वाक्य सुधारलं.

धन्यवाद देणारं वेगळं परिच्छेदभर लिखाण यात नाही, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. अकरा जणांनी एकच जागा सांगितली, यात आभार आले. वर पुन्हा 'आम्ही आपले शतशः ऋणी आहोत' असं जोडलं की सरांना ते सूत्रसंचालकाचं वाटतं.

'असायचे' पासून सावध

मराठीत निरोपाचं भाषण एका विशिष्ट ठिकाणी घसरतं आणि लिहिताना ते दिसत नाही. 'सर लवकर यायचे, सर रागवायचे, सर समजून घ्यायचे, सर कधी थकायचे नाहीत.' चार वाक्यं सलग अशी आली की ऐकणाऱ्याला शोकसभेत बसल्यासारखं वाटतं. सत्कारमूर्ती समोर खुर्चीत बसलेली असताना हे फार वाईट दिसतं. माझ्या पहिल्या मसुद्यात अशी क्रियापदं मी मोजली, ती तेवीस होती.

यावर उपाय सोपा आहे. सवयीचं वर्णन करण्याऐवजी एक दिवस सांगा. 'सर वळणावर उभे राहायचे' ऐवजी 'सर वळणावर जाऊन उभे राहिले'. जी सवय अजून टिकली आहे ती वर्तमानात आणा : 'सर अजूनही आधी बुटांची नाडी बघतात, मग चेहरा.' एखादं 'यायचे', 'पोहोचायच्या' राहिलं तर बिघडत नाही, त्यांची रांग लागू देऊ नका.

'सर' आणि 'तुम्ही' यांचंही असंच आहे. कधी प्रेक्षकांना 'सरांनी' आणि कधी सरांना 'तुम्ही', असा लपंडाव चालला की नजर कुठे ठेवायची तेच वक्त्याला कळत नाही. माझ्या मसुद्यात पहिला बराच भाग प्रेक्षकांशी आहे आणि 'सर, तेव्हा तुम्ही' इथे एकदाच वळण घेतलं आहे. तिथून शेवटपर्यंत परत प्रेक्षकांकडे यायचं नाही. शरीरही तेव्हाच सरांकडे वळवायचं. मॅडम असतील तर आयुष्यभर 'बाई' म्हणत आलेल्यांनी मंचावर अचानक 'मॅडम' म्हणू नये. जी हाक होती तीच ठेवावी.

काय गाळायचं

शिक्षेचे विनोद. आमच्या वहीत फेऱ्यांच्या पाच गोष्टी होत्या. सांगणारे हसत होते, पण त्यातला एक जण हसता हसता म्हणाला की त्या दिवशी त्याला चक्कर आली होती आणि घरी त्याने कधी सांगितलं नाही. सभागृहात असे आणखी किती जण बसलेत हे आपल्याला माहीत नसतं. आज त्या मंचावर बसून ती गोष्ट ऐकताना सरांचं काय होईल, हेही सांगता येत नाही. म्हणून ती गाळायची. पण 'सर कधीच कुणावर रागावले नाहीत' असं खोटंही लिहायचं नाही. कडकपणा दाखवायचाच असेल तर त्यांनी स्वतःशी केलेला दाखवा.

नावांची यादी. तीन नावं घेतली की तीस नाराज होतात. माझ्या भाषणात एकही नाव नाही, 'पाचवा', 'एक म्हणाली', 'तिसऱ्या रांगेत' एवढंच आहे. ज्यांची गोष्ट आहे त्यांनी ती बरोबर ओळखली.

'दुसरी इनिंग'. हा शब्द त्या दिवशी सरांनी आधीच्या चार भाषणांत ऐकलेला असतो. रिलेवाल्यांसाठी आणखी एक मोह असतो : सोनेरी बॅटन देऊन 'आता ही आमच्या हातात' असं म्हणायचं. आमच्यातल्या दोघांनी ते सुचवलं होतं. मी नाही म्हणालो, कारण ज्या माणसाने आयुष्यभर खऱ्या बॅटनची पकड बघितली त्याला हातात शोभेची वस्तू धरून उभं राहावं लागलं असतं.

आणि 'सरांमुळेच मी आज या पदावर आहे' हे वाक्य. ज्याचं त्याने सरांना समोरासमोर सांगावं. माजी विद्यार्थ्यांच्या वतीने बोलताना ते ऐकणाऱ्या बाकीच्यांना आपण कुठेच पोहोचलो नाही असं वाटतं.

मैदानावर बोलताना

क्रीडाशिक्षकांचा निरोप बऱ्याचदा मैदानावर किंवा शेडखाली ठेवतात, आणि तिथे सभागृहाचे नियम चालत नाहीत. माईक तोंडासमोर सरळ धरला तर वारा आणि श्वास दोन्ही फरफर करतात. तो तोंडाच्या किंचित बाजूला, चार बोटांवर धरा. कर्णा लांब असेल तर तुमचाच आवाज थोड्या उशिराने परत ऐकू येतो आणि जीभ अडखळते. अशा वेळी वाक्यं छोटी करा आणि प्रत्येकानंतर आवाज विरेपर्यंत थांबा. भाषणाच्या अर्धा तास आधी माईकवर दोन वाक्यं बोलून बघितली की हे सगळं कळतं.

कागद मोबाइलवर ठेवू नका, उन्हात पडदा दिसत नाही. मोठ्या अक्षरांत, दोन ओळींत अंतर ठेवून, पानाच्या एकाच बाजूला छापा आणि वाक्य पान उलटण्यावर तुटणार नाही असं बघा. पानं पुठ्ठ्याला चिमटा लावून धरा, मैदानावर वारा पानं उडवतोच.

तुमच्या आधी सहा जण बोललेले असतील आणि त्यातल्या एकाने तुमचं पहिलं वाक्य वापरलेलं असेल. म्हणून सुरुवात दोन प्रकारे तयार ठेवा. माझी दुसरी सुरुवात थेट 'निकाल माईकवर सांगतात' या वाक्यापासून होती.

गळा कुठे दाटेल ते सराव करताना कळतं. माझा 'उचललीस ना?' पाशी दाटायचा. त्या जागी कागदावर मी कडेला रेघ मारून ठेवली होती : इथे थांब, पाण्याचा घोट घे, मग वाच. मंचावर तीनच सेकंद थांबलो असेन, मला ती तीस वाटली. पण त्या वाक्याआधी नाही, त्याच्यानंतर थांबा. आधी थांबलात तर लोक तुमच्याकडे बघतात, नंतर थांबलात तर सरांकडे बघतात.

भाषणात न बसलेल्या आठवणींचं एक वेगळं टिपण करा. चौदाही जणांची नावं, त्यांची तुकडी आणि प्रत्येकाने सांगितलेली एकेक गोष्ट. ते भाषणाच्या प्रतीबरोबर पाकिटात घालून द्यायचं, पण समारंभात नाही, तिथे ते हारांखाली दबतं. आम्ही दोन दिवसांनी सरांच्या घरी नेऊन दिलं. सरांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, खिशातून पेन काढलं, आणि 'तिसऱ्या बदलाला' च्या पुढे समासात पावलांचा आकडा लिहिला. म्हणाले, "हे राहिलं होतं."